‘झालं माझ्याकडून’ म्हणजे नक्की काय झालं?

कामाच्या गटात पडणारे तुटक उत्तर त्या गटापुरते बहुधा पुरेसे असते. सकाळपासून एकाच कामावर बसलेल्या पाच-सहा जणांना ‘झालं’ म्हणजे काय झालं आणि ‘अडकलंय’ म्हणजे कुठे अडकलंय हे वेगळे सांगावे लागत नाही. हीच उत्तरे रिपोर्टिंग मॅनेजरपर्यंत जशीच्या तशी पोचली की अडचण सुरू होते. त्याच्याकडे अशी तीन-चार कामे एकाच वेळी चाललेली असतात, सकाळपासूनचे संभाषण त्याने वाचलेले नसते आणि त्याच संध्याकाळी त्याला ग्राहकाला किंवा आपल्या वरिष्ठाला उत्तर द्यायचे असते. त्यामुळे दिवस संपताना टीम लीडच्या वाट्याला एक छोटे पण जोखमीचे काम येते. गटातली ती तुटक उत्तरे गोळा करायची आणि त्यांतून मॅनेजरला एका वाचनात कळेल असा सभ्य, स्पष्ट अहवाल तयार करायचा.

बोलीतल्या उत्तरांना प्रमाण भाषेचे कपडे चढवले की हे काम संपले, असे अनेकांना वाटते. ‘पेंडिंग’च्या जागी ‘प्रलंबित आहे’ लिहायचे, ‘अडकलं’च्या जागी ‘काही तांत्रिक अडचणींमुळे विलंब होत आहे’ लिहायचे आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. वाक्य गुळगुळीत होते, माहिती मात्र होती तेवढीच तुटपुंजी राहते. तुटक उत्तरातून काही ठरावीक गोष्टी गळालेल्या असतात: काम कोणी केले, ते कुठल्या टप्प्यापर्यंत आले, कशावाचून अडले, पुढे कधी होणार. त्या भाषा सुधारून परत येत नाहीत, विचारून मिळवाव्या लागतात. हे कसे घडते ते एका नमुन्यातून पाहता येईल.

पुण्यातली एक लहान सॉफ्टवेअर कंपनी एका सहकारी पतसंस्थेच्या सहा शाखांचा जुना हिशेब नव्या प्रणालीत आणत आहे, असे समजू. नवी प्रणाली येत्या सोमवारी सुरू व्हायची आहे. आज बुधवार. दुपारी साडेचारला टीम लीडने गटात लिहिले, ‘सगळ्यांनी स्टेटस टाका.’ पंधरा मिनिटांत उत्तरे आली. डेटा पाहणाऱ्याने लिहिले, ‘5 झाल्या. 6वी अडकली.’ प्रोग्रॅमरने लिहिले, ‘व्याजाचं झालं माझ्याकडून.’ त्याच्या पाठोपाठ टेस्टिंग करणारीचा निरोप आला, ‘व्याज परत तेच. तिसऱ्यांदा सांगतेय.’ ग्राहकांना जाणारे एसएमएस सांभाळणाऱ्याने लिहिले, ‘डीएलटी पेंडिंग. त्यांच्याकडून.’ शाखांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला गेलेल्याने लिहिले, ‘कोणी येतच नाही.’ पिग्मी एजंटांच्या मशीनचे काम ज्याच्याकडे होते त्याने नुसता अंगठा टाकला.

या सहा उत्तरांत खोटे काहीच नाही. तरीही ती वाचून सोमवारी प्रणाली सुरू होईल की नाही हे सांगता येत नाही. मॅनेजरला विचारायचे असते ते तेवढेच.

मराठीत हा धोका थोडा जास्त असतो, कारण भाषेची घडणच कर्त्याला सहज झाकून टाकते. ‘फाइल पाठवतो’ किंवा ‘पाठवते’ म्हटले तर बोलणारी व्यक्तीच पाठवणार हे बहुधा कळते. तेच भूतकाळात गेले की ‘फाइल पाठवली’ होते, आणि इथे क्रियापद फाइलच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कोणी पाठवली याचा त्यात मागमूस राहत नाही. ‘होईल’, ‘होतंय’, ‘झालं’ या रूपांत तर कर्त्याला जागाच नसते, काम आपोआप होत असल्यासारखे वाटते. ‘बघतो’चे तर आणखी वेगळे. त्यात कर्ता असतो पण काम नसते. आज संध्याकाळपर्यंत करतो इथपासून ते सवड मिळाली तर विचार करतो इथपर्यंत ‘बघतो’ काहीही असू शकते. गटातली उत्तरे वाचताना म्हणून पहिली नजर क्रियापदांवर टाकावी. ज्या क्रियापदाला कर्ता नाही किंवा कर्म नाही, तिथे प्रश्न विचारायचा असतो.

‘माझ्याकडून’ हा शब्द विशेष सांभाळण्यासारखा आहे. कार्यालयीन बोलीत तो ‘माझ्या वाट्याचे काम संपले’ अशा अर्थाने रुळला आहे. पण वाटा कुठे संपतो हे ज्याने त्याने मनाशी ठरवलेले असते. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने प्रोग्रॅम लिहून झाला की वाटा संपतो. टेस्टिंग करणारीच्या दृष्टीने तो दुरुस्त प्रोग्रॅम चाचणीच्या सर्व्हरवर आल्याखेरीज काहीच झालेले नसते. ‘व्याजाचं झालं माझ्याकडून’ आणि ‘व्याज परत तेच’ ही दोन उत्तरे वरवर एकमेकांना खोटे पाडतात. घाईतल्या टीम लीडला इथे भांडण दिसते. तो मग दोहोंपैकी एकाचे ऐकतो, नाहीतर दोन्ही मिटवून ‘व्याजाच्या गणनेवर काम सुरू आहे’ असे काहीही न सांगणारे वाक्य लिहितो. वास्तविक दोन्ही उत्तरे खरी असण्याची शक्यताच अधिक असते. परस्परविरोधी वाटणारी दोन उत्तरे शेजारी दिसली की त्यांच्या मधला टप्पा कुठला आणि तो कोणाकडे आहे, हे विचारावे.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘नीट सांगा’ असे गटात लिहिले की माणसे दुखावतात आणि उत्तर आधीच्याच उत्तराचे लांबण होऊन येते. प्रत्येकाला त्याच्या उत्तरातला नेमका गाळलेला शब्द विचारला, तर दोन मिनिटांत काम होते. प्रोग्रॅमरला विचारायचे, ‘दुरुस्ती टेस्टच्या सर्व्हरवर चढली का?’ टेस्टिंग करणारीला, ‘किती खात्यांत फरक येतोय आणि किती रुपयांचा?’ डेटा पाहणाऱ्याला, ‘सहाव्या शाखेत काय जुळत नाही, आणि ते जुळायला कोणाकडून काय हवंय?’ एसएमएसवाल्याला, ‘त्यांच्याकडून म्हणजे संस्थेकडून की टेलिकॉम कंपनीकडून?’ शिकवणाऱ्याला, ‘एकूण किती जणांपैकी किती आले?’ अंगठा टाकणाऱ्याला, ‘सगळी मशीन्स झाली का? किती?’ प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर आकड्यात, नावात, तारखेत किंवा हो-नाहीत येईल. आणि एका वेळी एकच विचारावा. ‘सर्व्हरवर चढवलं का, आणि टेस्टिंगला सांगितलं का?’ या जोडप्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले तर तो ‘हो’ कशाला, हे पुन्हा विचारण्याची वेळ येते.

या प्रश्नांना आलेल्या उत्तरांनी चित्र पुष्कळच बदलले. आवर्त ठेवीच्या व्याजात 40 नमुना खात्यांपैकी 14 खात्यांत प्रत्येकी एक रुपयाचा फरक येत होता. जुनी प्रणाली दर तिमाहीला व्याज पूर्ण रुपयात करत असे, नवी ते फक्त मुदतीच्या शेवटी करत होती. दुरुस्ती मंगळवारीच लिहून झाली होती, पण चाचणीच्या सर्व्हरवर चढवायची राहिली होती. ती बुधवारी रात्री चढेल आणि गुरुवारी सकाळी त्याच 40 खात्यांची पुन्हा तपासणी होईल.

डीएलटीचे प्रकरण वाटले त्यापेक्षा हलके निघाले. व्यावसायिक संदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2018 मध्ये केलेल्या नियमांनुसार, ग्राहकांना जाणाऱ्या एसएमएसचा मजकूर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. तसा तो नसेल तर संदेश पोचत नाही. संस्थेचे सात मजकूर मंजुरीला गेले होते. पाच मंजूर झाले, दोन शब्दरचनेच्या कारणावरून परत आले. मंजूर झालेल्यांत पैसे भरल्याचे आणि काढल्याचे संदेश होते. परत आलेले दोन ठेवीची मुदत संपत असल्याची आणि कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारे होते. सोमवारी त्यांच्यावाचून काही अडणार नव्हते. ‘पेंडिंग’ या एका शब्दात ते सगळे काळजीचे वाटले होते.

उलट ज्या उत्तरात काळजीचे काही दिसत नव्हते, तिथे गाठ निघाली. 18 पिग्मी मशीनमध्ये नवे ॲप बसले होते, म्हणून अंगठा. त्यांतल्या तीन मशीनमध्ये खातेदारांची यादीच उतरलेली नव्हती, कारण ती सहाव्या शाखेची होती आणि त्या शाखेचा डेटाच अडकलेला होता. अंगठ्याचा अर्थ वाचले, मान्य आहे, झाले, यांतला कुठलाही असू शकतो. तो ‘झाले’ असाच धरायचा ठरला तरी कशाचे झाले हा प्रश्न उरतो.

शिकवणाऱ्याच्या ‘कोणी येतच नाही’मागचा आकडा असा निघाला: 22 कर्मचाऱ्यांपैकी 13 आले होते. न आलेले नऊ जण दोनच शाखांतले होते आणि वर्ग सकाळी अकराला ठेवल्यामुळे त्यांना काउंटर सोडता येत नव्हते. वैतागाने लिहिलेल्या ‘कोणीच’, ‘नेहमी’, ‘कधीच’ या शब्दांच्या जागी संख्या विचारून घेतली की बहुतेक वेळा तक्रारीतूनच तोडगा दिसू लागतो. इथे तो वर्गाची वेळ बदलण्याचा होता.

सर्वांत मोठी गोष्ट सहाव्या शाखेची. तिथली तेरीज जुळत नव्हती. पिग्मी ठेवीच्या खात्याची तेरजेतली शिल्लक आणि खातेदारांच्या वैयक्तिक शिलकांची बेरीज यांत 18,450 रुपयांचा फरक होता. डेटा पाहणाऱ्याने सांगितले की एका एजंटाचा शनिवारचा भरणा एकूण रकमेत धरला गेला असावा, पण प्रत्येक खात्यावर चढला नसावा. ही त्याची शंका होती, खात्री नव्हती. खात्री करायला त्या दिवसाची एजंटनिहाय भरणा यादी हवी होती, आणि ती शाखेतच मिळणार होती. शाखा व्यवस्थापकांना सोमवारी फोन केला, मंगळवारी निरोप पाठवला, यादी आली नव्हती. शाखेत लेखापरीक्षण सुरू होते. यादी हातात आल्यापासून नोंदी दुरुस्त करून डेटा पुन्हा चढवायला आणि तेरीज जुळवायला सुमारे दीड दिवस लागणार होता.

आता अहवाल लिहायला हवी ती माहिती हाताशी आली. तिची मांडणी ज्या क्रमाने उत्तरे आली त्या क्रमाने करू नये, आणि ज्या क्रमाने काम झाले त्या क्रमानेही करू नये. मॅनेजर पहिले दोन-तीन ओळी नक्की वाचतो, उरलेले सवडीने. म्हणून पहिल्या ओळींत मुख्य प्रश्नाचे उत्तर यावे, त्याच्या लगेच खाली त्याने काय करायचे आहे ते यावे, आणि जे सुरळीत आहे ते शेवटी थोडक्यात यावे. चांगली बातमी आधी सांगून वाईट हळूच मागून आणायची सवय घरगुती बोलण्यात शोभते. कामाच्या निरोपात ती मॅनेजरला फसवते, कारण तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तो पोचेलच असे नाही.

यादीसाठी मुदत कुठली सांगायची, हे सोमवारपासून मागे मोजून ठरते. शनिवारी शाखेने आकडे तपासून सही करायला हवी. त्यासाठी डेटा शुक्रवारी संध्याकाळी तयार हवा. कामाला दीड दिवस लागणार, म्हणजे यादी गुरुवारी सकाळी, फारच उशीर झाला तर दुपारपर्यंत यायला हवी. ‘लवकरात लवकर’ असे लिहिले असते तर हा हिशेब मॅनेजरला स्वतः करावा लागला असता, आणि त्याच्याकडे दीड दिवसाचा आकडा नव्हता. मुदतीबरोबर तिचे कारणही लिहिले की ती हुकूम वाटत नाही.

यातून तयार झालेला अहवाल असा:

> विषय: पतसंस्था डेटा, बुधवारची स्थिती. सहाव्या शाखेसाठी उद्या दुपारी 12 पर्यंत मदत हवी
>
> नमस्कार सर,
>
> व्याजाची उद्याची फेरतपासणी ठीक निघाली, तर सोमवारी पाच शाखा नव्या प्रणालीवर सुरू करता येतील. सहाव्या शाखेबद्दल आज खात्री देता येत नाही.
>
> सहाव्या शाखेच्या तेरजेत पिग्मी ठेवीखाली 18,450 रुपयांचा फरक येतो आहे. एका एजंटाचा शनिवारचा भरणा वैयक्तिक खात्यांवर चढलेला नसावा अशी शंका आहे, ती अजून पडताळलेली नाही. त्यासाठी शाखेकडून त्या दिवसाची भरणा यादी हवी आहे. सोमवारी फोनवर आणि मंगळवारी निरोपाने ती मागितली. शाखेत लेखापरीक्षण चालू असल्याने अद्याप मिळालेली नाही. यादी मिळाल्यावर दीड दिवसाचे काम आहे, आणि शनिवारी शाखेला आकडे तपासायला द्यायचे आहेत. म्हणून ती उद्या दुपारी 12 पर्यंत मिळणे आवश्यक आहे.
>
> आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांशी आज किंवा उद्या सकाळी बोलून यादी मिळवून देता येईल का? आणि यादी वेळेत आली नाही, तर सोमवारी पाचच शाखा सुरू करून सहावी पुढच्या सोमवारी घ्यावी, याला आपली संमती आहे का? तसे केल्यास तो आठवडा सहावी शाखा आणि तिची तीन पिग्मी मशीन्स जुन्या प्रणालीवर राहतील, आणि इतर शाखांशी होणारे तिचे व्यवहार हाताने नोंदवावे लागतील.
>
> बाकीची स्थिती. आवर्त ठेवीचे व्याज: 40 पैकी 14 नमुना खात्यांत एक रुपयाचा फरक होता. दुरुस्ती तयार आहे, आज रात्री चाचणीच्या सर्व्हरवर चढेल, उद्या दुपारपर्यंत फेरतपासणीचा निकाल कळवेन. प्रशिक्षण: 22 पैकी 13 कर्मचाऱ्यांचे झाले. उरलेल्या नऊ जणांना काउंटरमुळे सकाळी येता आले नाही. त्यांच्यासाठी गुरुवारी आणि शुक्रवारी काउंटर बंद झाल्यावर वर्ग ठेवत आहोत. एसएमएस: सातपैकी पाच मजकूर मंजूर आहेत, उरलेले दोन सोमवारसाठी आवश्यक नाहीत. पिग्मी मशीन: 18 पैकी 15 तयार, उरलेली तीन सहाव्या शाखेची आहेत.

गटात आलेली उत्तरे आणि हा अहवाल शेजारी ठेवून पाहिले तर सभ्यता नेमकी कुठून आली हे दिसते. ‘कृपया’ हा शब्द त्यात एकदाही नाही. मराठीत विनंतीचा मऊपणा मुख्यतः क्रियापद सांभाळते. ‘यादी मिळवून द्या’, ‘यादी मिळवून द्यावी’ आणि ‘यादी मिळवून देता येईल का’ या तिन्हींत मागणी एकच आहे. पहिले बरोबरीच्या माणसाला चालते. दुसरे अर्जाच्या भाषेत जाते आणि रोजच्या निरोपात अंतर निर्माण करते. तिसरे ऐकणाऱ्याला नकार द्यायची मोकळीक ठेवते. वरिष्ठाला काही करायला सांगताना तेच बसते. ‘कृपया’ची पेरणी प्रत्येक वाक्यात केली की तो शब्द निरर्थक होतो आणि कधी कधी टोचतोही. ‘कृपया लवकर कळवावे’ हे अनेकांच्या कानाला विनंतीपेक्षा ताकीद वाटते.

दुसरी सभ्यता गैरहजर माणसांबद्दलची आहे, आणि ती अधिक महत्त्वाची. शाखा व्यवस्थापक उत्तरच देत नाहीत, असे लिहिण्याऐवजी कधी आणि कसे विचारले ते लिहिले आहे, आणि माहीत असलेले कारण दिले आहे. मॅनेजरला त्यातून पाठपुरावा झाल्याचे कळते, आणि हा अहवाल उद्या संस्थेकडे पुढे पाठवला गेला तरी कोणाचा अपमान होत नाही. व्याजाच्या बाबतीत दुरुस्ती सर्व्हरवर चढायची राहिली होती, हे कोणाचे नाव न घेता सांगितले आहे. कामाची पुढची पायरी कळण्यासाठी नावाची गरज नव्हती. टेस्टिंग करणारीचा ‘तिसऱ्यांदा सांगतेय’ हा त्रागा अहवालात आला नाही, पण त्यातली खरी गोष्ट 14 खात्यांच्या आकड्यात आली. तिचा त्रागा रास्त होता. त्याची दखल घ्यायची जागा टीमच्या आतली आहे, मॅनेजरच्या मेलमधली नव्हे. गटातल्या संभाषणाचा स्क्रीनशॉट मॅनेजरला पाठवण्याची सोपी वाट याच कारणाने टाळावी. सहकाऱ्यांशी मोकळेपणाने टाकलेला शब्द वरच्या माणसासमोर गेला की पुढच्या वेळी गटात कोणी खरे लिहीत नाही.

लेखी शब्दांतला सूर वाचणाऱ्याला कळेल, हा लिहिणाऱ्याचा भरवसा बहुतेक वेळा फाजील असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. आपले वाक्य उपरोधाचे आहे की गंभीर, हे ईमेल वाचणाऱ्याला ओळखता येईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना ते त्या अंदाजापेक्षा बरेच कमी वेळा जमले. लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज मनात ऐकू येत असतो, वाचणाऱ्याकडे फक्त अक्षरे असतात. ‘त्यांच्याकडून’ लिहिणाऱ्याला कदाचित फक्त माहिती द्यायची होती. वाचणाऱ्याला मात्र त्यात हात झटकल्याचा आवाज येतो.

सभ्य करण्याच्या भरात एक चूक वारंवार होते, आणि ती उद्धटपणापेक्षा महाग पडते. वाक्य मऊ करता करता त्यातली माहितीच मऊ होते. डेटा पाहणाऱ्याने ‘असावा’ म्हटले होते. अहवालात ते ‘चढलेला नाही’ झाले असते, तर शंका वस्तुस्थिती बनली असती, आणि उद्या दुसरेच कारण निघाल्यावर मॅनेजर संस्थेपुढे खोटा ठरला असता. उलट दिशेनेही हेच होते. ‘बहुतेक शुक्रवारी’चे ‘शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल’ होते, ‘अडकली’चे ‘प्रगतिपथावर आहे’ होते. टीमच्या शब्दांत जितकी खात्री होती तितकीच अहवालात यावी, कमीही नको आणि जास्तही नको. ‘असावा’, ‘शंका आहे’, ‘पडताळलेले नाही’ हे शब्द लिहिताना कमजोर वाटतात, तरी ते काढू नयेत. बदलायचा असतो तो सूर. आकडा, तारीख आणि खात्रीची पातळी यांना हात लावायचा नसतो.

हे राखण्याचा साधा उपाय म्हणजे पाठवण्यापूर्वी मसुदा गटात टाकणे. ‘सरांना हे पाठवतेय, आपापली ओळ बघा, चूक असेल तर सहापर्यंत सांगा.’ ज्याने तुटक उत्तर दिले होते त्याला आपले उत्तर पूर्ण रूपात दिसते, आणि चूक तिथेच पकडली जाते. या नमुन्यात एसएमएसवाल्याने मसुदा पाहून सांगितले असते की परत आलेल्या दोनपैकी कर्जहप्त्याचा संदेश महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तर ‘सोमवारसाठी आवश्यक नाहीत’ या वाक्यापुढे ती तारीख लिहावी लागली असती. मसुदा दाखवण्याने अजून एक गोष्ट होते. आपण टाकलेल्या ‘झालं’चे पुढे काय होते हे टीमला दिसते, आणि काही दिवसांनी उत्तरे आपोआप थोडी भरीव होऊ लागतात.

दुसऱ्या दिवशीचा अहवाल याच क्रमाने लिहावा, म्हणजे मॅनेजरला फरक तेवढा शोधता येतो. काल दिलेली तारीख हलली असेल तर नवी तारीख नुसती लिहून चालत नाही. ‘व्याजाची फेरतपासणी काल गुरुवार दुपार सांगितली होती. सर्व्हरवर चढवताना अडचण आली, आता शुक्रवार सकाळ’, असे जुन्या तारखेसकट लिहावे. तारीख गुपचूप पुढे सरकली की मॅनेजर ती स्वतः ताडून पाहतो, आणि त्यानंतर प्रत्येक तारीख ताडू लागतो.

अहवाल जमला की फसला हे मॅनेजरच्या उत्तरावरून कळते. ‘म्हणजे सोमवारी होणार ना?’ असा प्रश्न आला तर पहिल्या दोन ओळी चुकल्या. ‘मग मी काय करू?’ आला तर मागणी नीट मांडली गेली नाही. ‘हे कोणाकडे आहे?’ आला तर कुठेतरी एक कर्ता नसलेले क्रियापद राहून गेले आहे. वर दिलेल्या अहवालाला योग्य उत्तर साधारण असे येईल: ‘सीईओंशी बोललो, यादी उद्या दहाला येतेय. नाही आली तर पाच शाखा सुरू करू.’ हे उत्तरही तुटकच आहे. पण आता त्यात कोण, काय, कधी हे सगळे आले आहे, आणि टीम लीडला ते गटात जसेच्या तसे टाकता येते.